‘मी’ कोण? आणि कुकरच्या तीन शिट्ट्या

प्रश्न : माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची मुलगी पुढच्या आठवड्यात तीन वर्षांची होते. आम्ही वेगवेगळ्या गावांत राहतो, त्यामुळे मी दर वर्षी लेखी संदेश पाठवते. त्यांच्या घरी आलेले संदेश आई किंवा बाबा मुलीला मोठ्यानं वाचून दाखवतात. मागच्या वर्षी मी छान भाषेत चार ओळी लिहिल्या होत्या. मैत्रिणीचा नवरा त्या वाचताना दोनदा अडखळला आणि मुलगी दुसऱ्याच ओळीला उठून निघून गेली. हे मैत्रिणीनंच हसत सांगितलं. या वर्षी काय लिहू? कविताच लिहावी लागेल का? मला यमक जुळवता येत नाही.
– एक मावशी, नाशिक

उत्तर : मावशी, यमकाचं नंतर पाहू. आधी तुमच्या मागच्या संदेशाचं काय झालं ते पाहू, कारण तो तुम्ही पत्रासोबत पाठवलाय हे बरं केलंत. मुलीचं खरं नाव इथे छापत नाही, तिला आपण छकुली म्हणू.

तुमचा संदेश असा होता : ‘चि. छकुलीस २ऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुझे भावी आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यसंपन्न होवो, हीच मी ईश्वरचरणी प्रार्थना करते.’ मधोमध केकची दोन चित्रं आणि फुग्यांची तीन.

आता हे हातात घेऊन, समोर दोन वर्षांचं मूल बसवून वाचून बघा. पहिलाच शब्द ‘चि.’ आहे. तो ‘ची’ वाचायचा की ‘चिरंजीव’, हे ठरवण्यात अर्धा सेकंद जातो. पुढे ‘२ऱ्या’ येतं. डोळ्यांना ते पटकन कळतं, जिभेला मात्र आधी ‘दुसऱ्या’ तयार करावं लागतं. मग ‘सुखसमृद्धीचे’, ‘आरोग्यसंपन्न’ आणि ‘ईश्वरचरणी प्रार्थना’. एकेकटे हे शब्द अवघड नाहीत, पण एका श्वासात एवढी जोडाक्षरं आली की वाचणारा वेग कमी करतो आणि त्याचा आवाज सरकारी होतो. मध्ये फुगे आले की तो थांबतो. फुगा वाचतात कसा? त्या नवऱ्याचा काही दोष नव्हता. तुम्ही डोळ्यांसाठी लिहिलं होतंत, त्याला तोंडानं वाचायला लागलं.

मुलगी का उठली तेही सरळ आहे. त्या दोन वाक्यांत तिला दिसेल, ऐकू येईल किंवा खाता येईल असं काहीच नाही. ज्या वयात ‘काल’ आणि ‘उद्या’ यांची अदलाबदल होते, त्या वयात ‘भावी आयुष्य’ कुठे ठेवायचं? तिच्या ओळखीचा एकच शब्द होता, तिचं नाव. तेही ‘छकुलीस’ असं. घरात तिला ‘छकुलीस’ अशी हाक कोण मारतं?

नावाचं महत्त्व आपण समजतो त्याहून आधी सुरू होतं. साडेचार महिन्यांची बाळं स्वतःचं नाव इतर नावांपेक्षा जास्त वेळ कान देऊन ऐकतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. तेव्हा त्यांना अर्थ वगैरे काही कळत नसतो, नादाची ओळख तेवढी पटलेली असते. म्हणून सुरुवात हाकेनं करा, आणि घरात जी हाक आहे तीच लिहा : ‘छकुले!’, ‘ए छकुले!’ मध्येच ती चुळबुळायला लागेल असं वाटतं तिथे पुन्हा हाक पेरून ठेवा. वाचणाऱ्याला तेवढाच आधार.

आता खरी गोम. तुम्ही लिहिलंत, ‘हीच मी प्रार्थना करते.’ वाचलं कुणी? बाबानं. म्हणजे छकुलीच्या कानावर आलं ते असं : बाबाच्या तोंडून ‘मी’, आणि त्यापुढे ‘करते’. मोठ्या माणसाला पत्र म्हणजे काय हे माहीत असतं, त्यामुळे हा ‘मी’ मावशीचा हे आपण न बोलता समजून घेतो. तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी जो बोलतोय तोच ‘मी’. त्यात मराठीत क्रियापदही लिंग सांगतं, म्हणून गोंधळ दुप्पट. ‘मी तुझ्यासाठी फ्रॉक आणला’ असं एखाद्या काकानं लिहिलं आणि ते आईनं वाचलं, तर मूल लगेच विचारणार, ‘कुठाय फ्रॉक?’

यावर उपाय सोपा आहे. अशा संदेशातून ‘मी’ काढून टाका आणि स्वतःचा उल्लेख नात्यानं करा : ‘मावशी येणार आहे’, ‘मावशीनं पाहिलं’. वाचणारा कुणीही असला तरी मावशी मावशीच राहते.

याचा दुसरा फायदा मोठा आहे, आणि आईवडिलांना वाचताना मजा वाटावी असं तुम्हाला वाटत असेल तर सगळी किल्ली इथेच आहे. जसा ‘मी’ वाचणाऱ्याला चिकटतो, तसा ‘बाबा’ही चिकटतो. तुम्ही लिहिलंत, ‘बाबानं अर्धी डाळ सांडली’, तर ते वाक्य बाबालाच स्वतःविषयी मोठ्यानं वाचावं लागेल, तेही मुलीसमोर. ती त्याच्याकडे बघणार, आई दारातून हसणार, आणि तो ‘हे खोटं आहे हं’ असं पदरचं वाक्य घालणार. असं पदरचं घालायला लावणं हेच लिहिणाऱ्याचं यश समजा. आई वाचत असेल तर ती त्याच वाक्यावर जरा जास्तच जोर देईल. फक्त टोमणा असा हवा की तो मुलीसमोर हसत सहन करता येईल. वजन, पगार, सासर आणि झोपेतलं घोरणं यांतलं घोरणं तेवढं चालेल.

अशी गोष्ट मिळवायची कुठून? मैत्रिणीला फोन करून विचारा, ‘सध्या काय चाललंय तिचं?’ पण ‘खूप खोडकर झालीय’ एवढ्यावर सोडू नका, एक प्रसंग मागा. तुमच्या पत्रातच एक प्रसंग आहे आणि तुम्ही तो कंसात टाकलाय. मी तो पत्राच्या मधोमध आणला असता : ‘(सध्या ती आईची पळी घेऊन घरभर फिरते आणि कुकरच्या शिट्ट्या एक, दोन, पाच अशा मोजते. परवा तिच्यावर विश्वास ठेवून तिच्या बाबानं गॅस बंद केला, तर डाळ कच्चीच.)’

यापेक्षा काय हवं, मावशी? आवाज आहे, मोजणी आहे, पळी आहे आणि फसलेला बाप आहे. शिवाय तीन वर्षं म्हणजे तीन शिट्ट्या, हा सांगाडा आयताच मिळाला.

‘एक, दोन, पाच’ला मात्र चूक म्हणून हसू नका. या वयाची पुष्कळ मुलं एक ते दहा आकडे गाण्यासारखे म्हणतात, पण ‘तीन बिस्किटं दे’ म्हटलं की मूठभर देतात. आकड्यांची रांग पाठ होणं आणि ‘तीन’ म्हणजे नेमके किती हे कळणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी येतात. म्हणून संदेशात तिचं स्वतःचं ‘पाच’ सोडलं तर तीनाच्या पुढे जाऊ नका. तीन तिला आत्ता कुठे हाताशी आलेला असेल.

आता तुमचं यमक. ते हवंच असा सार्वत्रिक समज आहे, आणि त्यापायी दर वर्षी बरीच चांगली माणसं ‘छान’ला ‘मान’ आणि ‘मान’ला ‘पान’ जोडत बसतात. वाचणाऱ्याच्या तोंडाला सुख देते ती लय, यमक तिच्यावरचं तोरण. पटत नसेल तर ही जोडी वाचा :

छकुली आमची आज तीन वर्षांची झाली,
आनंदाची लहर घरात आली.

यमक चोख आहे. तरी दुसरी ओळ दाराशीच संपल्यासारखी वाटते. का ते मोजून बघू. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची किंवा अनुस्वारवाल्याची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. पहिल्या ओळीत मात्रा भरतात पंचवीस, दुसरीत एकोणीस. वाचणारा पहिल्या ओळीचा वेग घेऊन दुसरीत शिरतो आणि पायरी संपलेली कळली नाही की पाय कसा हवेत पडतो, तसं त्याचं होतं.

आता हे वाचा :

कुकर म्हणाला, छकुली कोठे?
छकुली बसली पाटावरती.

यमक औषधालाही नाही. पण ‘कुकर म्हणाला’ आठ मात्रा, ‘छकुली कोठे’ आठ, ‘छकुली बसली’ आठ, ‘पाटावरती’ आठ. जो वाचेल त्याची मान आपोआप हलेल. आपली बरीच बडबडगीतं आठाच्या अशाच घरांवर बसलेली असतात, म्हणून ही चाल कुणाला शिकवावी लागत नाही. इथे ‘कोठे’ जरा पुस्तकी वाटेल. बोलताना आपण ‘कुठे’ म्हणतो, पण ‘कुठे’ची एक मात्रा कमी भरते आणि ओळ लंगडते. अशा वेळी मी लयीची बाजू घेतो.

पण एवढंही मोजत बसायचं नसेल तर साधं गद्य लिहा. छोटी वाक्यं आणि ठरावीक जागी परत येणारा एकच आवाज, एवढ्यानं लय येते. तुमच्याकडे कुकर आहे. त्याची शिट्टी दर वेळी आली की मुलीला दुसऱ्याच वेळी कळतं, आता पुन्हा येणार. तिसऱ्या वेळी ती बाबाच्या आधी ओरडते. तिथून पुढे ती नुसती ऐकत नसते, तीही वाचत असते.

आवाज लिहिताना अवग्रह, म्हणजे ते ‘ऽ’ चिन्ह, हात सैल सोडून वापरा. ‘फुस्स’ लिहिलंत तर बाबा ‘फुस्स’ एवढंच वाचेल. ‘फुऽऽऽस्स’ लिहिलंत तर त्याला गाल फुगवावेच लागतील. लाजणाऱ्या माणसाला हे चिन्ह परवानगी देतं : लिहिलंच आहे तसं, मी काय करू! चालण्याला ‘धपक धपक’, चावण्याला ‘कुरुम कुरुम’. मराठीत अशा शब्दांची कोठारं भरलेली आहेत आणि मोठेपणी आपण ती बंद करून ठेवतो.

एक मोह मात्र टाळा. ‘तुज्या वादिवचाच्या छुबेच्चा’ असलं बोबडं लिहू नका. लोकांना वाटतं, मुलाच्या भाषेत लिहिलं की मुलाला जवळचं वाटेल. होतं उलटं. १९६० साली बर्को आणि ब्राउन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी एका मुलाची गंमत नोंदवली आहे. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा. मोठ्या माणसानं विचारलं, ‘हा तुझा फिस का?’ तर तो चिडून म्हणाला, ‘नाही, माझा फिस.’ ‘बरं, तुझा फिश’ म्हटल्यावर मात्र तो खूश : ‘हो, माझा फिस!’ म्हणजे मुलाच्या कानाला बरोबर काय ते ठाऊक असतं, जीभ तेवढी मागे असते. आपण बोबडं बोललो तर त्याला ते आपलं वाटत नाही, चुकीचं वाटतं. आपल्याकडेही ‘लाम’ म्हणणारं पोर दुसऱ्यानं ‘लाम’ म्हटलं की त्याला सुधारतं, हे पुष्कळ घरांत पाहिलेलं असेल. वाचणाऱ्या बापालाही पाहुण्यांसमोर ‘छुबेच्चा’ म्हणायला जड जातं, हे वेगळंच.

आजी-आजोबा ऐकायला बसलेले असतात हे विसरू नका. आशीर्वाद नसला तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं. तो असावा, पण एकच आणि तोंडात बसणारा. ‘औक्षवंत हो’ हे जुनं आहे, छोटं आहे, आणि ओवाळताना छकुलीच्या कानावरून गेलेलं असण्याचा संभव आहे. ‘सुखसमृद्धी’ला या वर्षी सुट्टी द्या.

मांडणीचं थोडक्यात. एका श्वासाची एक ओळ करा. वाचणाऱ्यानं काही करायचं असेल तर ते कंसात लिहा : हात दाखवा, थांबा. ‘३रा’ नको, ‘तिसरा’ लिहा. चित्रं टाकायची तर सगळ्यात शेवटी. लांबी मिनिट-दीड मिनिटाची पुरे. मुलाला वाचून दाखवताना आपण थांबत थांबत वाचतो, त्यामुळे सव्वाशे-दीडशे शब्द झाले की खूप झाले.

आणि संदेश संध्याकाळी पोचेल असा पाठवू नका. त्या वेळी ती पाटावर बसलेली असते, समोर निरांजन, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, सुपारी आणि अंगठीनं ओवाळणं चाललेलं. तिचं सगळं लक्ष ज्योतीकडे. त्यानंतर तोंडात पेढा कोंबलेला असतो, आणि पेढा असताना ‘फुऽऽस्स’ करता येत नाही, केलंच तर पेढा बाहेर येतो. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच वाचता येईल असा आदल्या रात्री पाठवा.

हे सगळं जमवून तुमच्या माहितीवरून मी एक नमुना करून पाहिला आहे. हवा तसा बदला.

छकुले, ए छकुले!
ऐक, कुकर काय म्हणतोय.

फुऽऽऽस्स! पहिली शिट्टी.
तेव्हा छकुली होती एवढीशी. (हातानं दाखवा.)
दात नव्हते. केस नव्हते.
डाळीचं पाणी प्यायची,
थोडं स्वतः, थोडं बाबाच्या शर्टाला.

फुऽऽऽस्स! दुसरी शिट्टी.
छकुली चालायला लागली.
धपक धपक धपक, थेट स्वयंपाकघरात!
आई म्हणाली, ‘माझी पळी कुठे गेली?’
कुठे गेली पळी, छकुले? (थांबा. तिला सांगू द्या.)

फुऽऽऽस्स! तिसरी शिट्टी.
आता छकुली शिट्ट्या मोजते.
एक, दोन, पाच!
बाबा म्हणाला, ‘पाच झाल्या?’
आणि टक्कन गॅस बंद केला.
डाळ कच्ची!
मग बाबानं ती तशीच खाल्ली.
कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

आज छकुली झाली तीन वर्षांची.
चला, सगळ्यांनी मोजू या.
एक... दोन... (थांबा. तिला म्हणू द्या.)

औक्षवंत हो, छकुले.
मावशी रविवारी येणार आहे.
येताना नवीन पळी आणणार आहे. आईसाठी.
तुझी तुलाच राहू दे.

पाठवण्याआधी हे एकदा भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचा. जिथे तुमची जीभ अडेल तिथे बाबाचीही अडणार, तो शब्द बदला. रविवारी जाणार नसाल तर ती ओळ काढा. तीन वर्षांची मुलं पळी विसरत नाहीत.

वाचणाऱ्यांना एक निरोप फोनवर द्या. ‘एक, दोन’नंतर ती ‘तीन’ म्हणेलच असं नाही. ‘पाच’ म्हणाली तर सुधारू नका, बाबाला उठून गॅस बंद करायला जाऊ दे. ते झालं की ती ‘पुन्हा’ म्हणेल, आणि बाबाला पहिल्या शिट्टीपासून सुरुवात करावी लागेल.